विमा काढलेलं पार्सल कुरिअरने हरवलं. भरपाईच्या पत्रात काय लिहू, सोबत काय जोडू?

सुनंदा_येवला

नमस्कार मंडळी. मी येवल्यात घरूनच पैठण्या विकते. विणकरांकडून घ्यायच्या, फोटो टाकायचे, मागणी आली की कुरिअरने रवाना करायच्या. ९ सप्टेंबर २०२५ ला बंगळुरूच्या एका ताईंना एक पैठणी पाठवली, किंमत ३८,५०० रुपये. काउंटरवरच्या मुलाला मुद्दाम सांगितलं की इन्शुरन्स कर. त्याने ३८५ रुपये वेगळे लावले आणि "काकू, इन्शुरन्स झालाय, बिनधास्त जा" म्हणाला.

११ सप्टेंबरला भिवंडीच्या हबमध्ये शेवटचा स्कॅन दिसतो, पुढे काहीच नाही. फोन, ईमेल, शाखेत खेटे सगळं झालं. १४ ऑक्टोबरला कंपनीचा ईमेल आला की पार्सल 'अनट्रेसेबल' आहे. ३ नोव्हेंबरला दुसरा आला: नियमानुसार भाड्याच्या दहापट, म्हणजे २,६०० रुपये देऊ, सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवा. ताईंचे पैसे मी तेव्हाच परत केले. त्यांच्याकडे कार्य होतं, त्यांना कशाला लटकवायचं.

मी असं पत्र लिहिलंय, बघा बरं:

"महोदय, आपल्या निष्काळजी कारभारामुळे माझे अतोनात नुकसान झाले असून मला प्रचंड मनस्ताप झाला आहे. मी पार्सलचा विमा काढला होता. तरी विम्याची रक्कम त्वरित द्यावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल. सोबत सर्व पुरावे जोडले आहेत."

एवढं पुरे का?

बाणेदार

ताई, पत्रबित्र सोडा. सरळ ग्राहक आयोगात जा. ३८ हजार, मनस्तापाचे दोन लाख, खर्चाचे पन्नास हजार, सगळं मागा. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाईही नाही. ट्रॅकिंगच्या प्रिंटला ६५-बी चं सर्टिफिकेट मात्र लावा, नाहीतर पुरावा धरत नाहीत.

कोकणकडा

माझंही असंच झालेलं! स्पीड पोस्टाने मुलाला चार्जर आणि पुस्तकं पाठवली, गायब. खूप भांडलो, शेवटी एक हजारसुद्धा हातात आले नाहीत. म्हणाले, पाठवणावळीच्या दुप्पट किंवा हजार, यातलं जे कमी असेल ते. विमा काढून पाठवायला हवं होतं असं तिथल्या बाई म्हणाल्या. तुम्ही पोस्टमास्तर जनरलना का लिहीत नाही?

सुनंदा_येवला

@कोकणकडा दादा, माझं पार्सल पोस्टाने नाही, खाजगी कुरिअरने गेलं होतं.

नाना_ट्रान्सपोर्टवाले

सुनंदाताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी पावती काढा. मी आयुष्यभर मालवाहतुकीच्या दावा-विभागात बसलो, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला. अशी पत्रं दिवसाला ढीगभर यायची आणि 'विम्याची रक्कम द्या' लिहिलेलं पत्र परत पाठवणं सगळ्यात सोपं असायचं.

पावतीवर 'रिस्क' किंवा 'जोखीम' असा रकाना असतो. त्यात ओनर म्हणजे मालाचा मालक की कॅरियर म्हणजे वाहतूकदार, कशावर खूण आहे? ३८५ रुपये कोणत्या नावाखाली घेतलेत? विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर किंवा वेगळं सर्टिफिकेट कुठे आहे का? आणि 'डिक्लेअर्ड व्हॅल्यू'समोर किती लिहिलंय? ही उत्तरं आल्याशिवाय पत्र कुणाला लिहायचं हेच ठरत नाही.

आणि तो फॉर्म. त्यावर सही अजिबात नको.

सुनंदा_येवला

पावती समोर घेऊन लिहितेय. मोड: सरफेस. वजन १.१५० किलो. डिक्लेअर्ड व्हॅल्यू ३८,५००. रिस्क: 'कॅरियर'वर टिक आहे. भाडं २६०, एफओव्ही ३८५, त्यावर १८ टक्के जीएसटी ११६.१०, एकूण ७६१.१०. विमा कंपनीचं नाव कुठेही नाही. वेगळं सर्टिफिकेट दिलेलं नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंग्रजीत खूप काही आहे.

नाना_ट्रान्सपोर्टवाले

आता कोडं सुटलं. तुमच्याकडे विमा नाहीच, ताई. आणि ते तुमच्या फायद्याचं आहे.

कुरिअरच्या काउंटरवर 'इन्शुरन्स' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. पहिल्यात तुमच्याकडे स्वतःची ट्रान्झिट पॉलिसी असते आणि माल 'ओनर्स रिस्क'वर जातो. हरवला तर कुरिअरकडून 'सर्टिफिकेट ऑफ फॅक्ट्स', म्हणजे माल हरवल्याचा लेखी दाखला घ्यायचा आणि दावा आपल्या विमा कंपनीकडे लावायचा. दुसऱ्यात कुरिअरने कुठल्या तरी विमा कंपनीकडून मोठी खुली पॉलिसी घेतलेली असते आणि तुमच्या पार्सलपुरतं सर्टिफिकेट त्यातून निघतं. तिथे दावा त्या विमा कंपनीकडे जातो. पैसे दिल्यावर ती 'सब्रोगेशन'चं पत्र लिहून घेते आणि तुमच्या जागी उभी राहून कुरिअरच्या मागे लागते. तिसरी गोष्ट तुमची आहे. एफओव्ही म्हणजे मालाच्या किमतीवर लावलेलं जादा भाडं. ते घेऊन वाहतूकदार म्हणतो की जोखीम माझी. इथे विमा कंपनी मधे येतच नाही, पैसे द्यायचे ते कुरिअरनेच.

म्हणून तुमच्या पत्रातलं 'मी विमा काढला होता' हे वाक्य घातक आहे. उत्तर येईल की आम्ही विमा कंपनी नाही, पॉलिसी नंबर कळवा. आणि महिना गेला.

आता ती दहापट. ती त्यांनी मनाने काढलेली नाही. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांत आहे: माल हरवला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट इतकीच. तुमचं भाडं २६०, म्हणून २,६००. पण त्याच कायद्याचं कलम १० म्हणतं की पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर देण्याचं स्पष्ट कबूल केलं असेल तर ही मर्यादा लागू नाही. तुम्ही कबूल केलंत, एवढंच नाही, ३८५ रुपये मोजलेत आणि कंपनीने त्यावर जीएसटी लावून पावती दिली आहे. तुमच्या सगळ्या पत्राचा कणा हाच. कायद्याच्या व्याख्येत कुरिअर एजन्सी नाव घेऊन आलेली आहे, त्यामुळे 'आम्ही ट्रान्सपोर्टवाले नाही' असंही त्यांना म्हणता येत नाही. मोड सरफेस लिहिलाय हे बरं झालं. विमानाने गेलेल्या मालाचा कायदा वेगळा.

बाणेदार

मी तेच म्हणतोय ना, केस भक्कम आहे. मग आयोगात का नको? दोन वर्षं आहेत.

नाना_ट्रान्सपोर्टवाले

दोन वर्षं ग्राहक संरक्षण कायद्याची, बरोबर. पण २००७ च्या कायद्याचं कलम १६ बघा. माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस पोचलेली नसेल तर पुढे दावा किंवा कुठलीही कायदेशीर कारवाई करता येत नाही. मोजणी बुकिंगपासून, हरवल्याचं कळल्यापासून नाही. बुकिंग ९ सप्टेंबरचं, म्हणजे शेवटची तारीख ८ मार्च २०२६. लोक कस्टमर केअरशी सहा महिने गोड बोलत बसतात आणि इथेच अडकतात. टोल-फ्रीवर मिळालेला तक्रार क्रमांक म्हणजे नोटीस झाली, असं समजू नका.

म्हणून हे पत्र नुसतं विनंतीचं नाही, तीच कलम १६ ची नोटीस. तसं त्यात लिहायचंसुद्धा.

६५-बी म्हणाल तर तो जुना पुरावा कायदा. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि ते प्रमाणपत्र आयोगात किंवा कोर्टात लागेल. कंपनीला पत्र लिहिताना नको.

भिवंडीकर

हबमध्ये चार वर्षं काढलीत म्हणून लिहितो. पार्सल 'गायब' होतं म्हणजे बहुतेक वेळा चोरीच असते असं नाही. लेबल निघालं की ते पार्सल कुणाचंच नसतं. कोपऱ्यात बेवारस मालाचा ढीग असतो, तिथे जाऊन पडतं. नाहीतर चुकीच्या बॅगेत शिरतं आणि तिसऱ्याच शहरात 'जादा माल' म्हणून निघतं. तुमचा शेवटचा स्कॅन नक्की काय म्हणतो? 'रिसीव्हड अ‍ॅट हब' की 'बॅग्ड' की 'डिस्पॅच्ड'? फरक पडतो. नुसतं रिसीव्हड असेल तर माल हबच्या भिंतीआड असताना गेला. डिस्पॅच्ड असेल तर बॅग नंबर आणि मॅनिफेस्ट, म्हणजे गाडीतल्या मालाची यादी निघते, गाडी कळते.

आणखी एक. मोठ्या हबात पट्ट्यावरून जाताना प्रत्येक नगाचं वजन आणि मापं मशीन आपोआप नोंदवतं, बऱ्याच ठिकाणी फोटोही निघतो. ती नोंद मागा. वजन १.१५० च्या आसपास असेल तर खोकं तिथपर्यंत भरलेलं होतं हे त्यांच्याच मशीनने सांगितलं. सीसीटीव्ही मागू नका असं नाही, पण सप्टेंबरचं फूटेज आता पुसलं गेलं असणार.

सुनंदा_येवला

'रिसीव्हड अ‍ॅट हब' एवढंच आहे. म्हणजे तिथेच!

ट्रॅकिंगचं पान मी ऑक्टोबरमध्ये मोबाइलवर टिपून ठेवलं होतं. परवा पाहिलं तर आता फक्त 'कॉन्टॅक्ट कस्टमर केअर' दिसतं.

भिवंडीकर

टिपलंत ते छान केलंत. जुन्या नोंदी साइटवरून जातात. फोटोत डॉकेट नंबर आणि तारीख दिसतेय ना?

सुनंदा_येवला

दोन्ही दिसतंय.

हिशेबनीस

सुनंदाताई, नुकसान किती याबद्दल थोडं. पैठणी तुम्ही विणकराकडून कितीला घेतलीत?

सुनंदा_येवला

३१,००० ला. त्यांची हाताने लिहिलेली पावती आहे आणि पैसे बँकेतून गेलेत.

हिशेबनीस

मग कंपनी तिथेच बोट ठेवणार. भरपाई म्हणजे झालेलं नुकसान भरून देणं. विक्री रद्द झाली, ग्राहकाचे पैसे परत गेले, म्हणजे तुमच्या खिशातून गेले ३१,०००. वरचे साडेसात हजार हा न झालेला नफा. मी कंपनीकडून बसलो असतो तर ३१ च्या वर एक पैसा मंजूर केला नसता.

नाना_ट्रान्सपोर्टवाले

हिशेबनीस, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. पाठवताना माल विकला गेलेला होता. बिल ३८,५०० चं, ग्राहकाने मोजलेले ३८,५००, पावतीवर जाहीर किंमत ३८,५०० आणि कंपनीने एक टक्का लावला तोही ३८,५०० वरच. माल पोचला असता तर हे पैसे ताईंकडेच राहिले असते. विक्री मोडली ती कंपनीने माल हरवला म्हणून. विकलेल्या मालाच्या दाव्यात आमच्याकडे बिलाची किंमत धरायचे.

अर्थात, जाहीर किंमत ही वरची मर्यादा आहे, ती लिहिली म्हणून आपोआप मिळत नाही. किंमत खरी होती हे दाखवावंच लागतं.

हिशेबनीस

तुमच्याकडे धरत असतील. मी उलटंही पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच की विणकराची ३१,००० ची पावती तुम्ही स्वतः जोडलीत तर त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल.

भिवंडीकर

आणि नाही जोडली तर म्हणतील, खोक्यात पैठणी होती कशावरून? बिल काय, कुणीही घरी छापतं.

येसाजी_नगरकर

माझं जरा वेगळं आहे. मी दुरुस्तीला पाठवलेला लॅपटॉप हरवला, इन्शुरन्स केला नव्हता, मागे काय छापलंय ते वाचलं नव्हतं. मलाही हे कलम १० लागेल का?

नाना_ट्रान्सपोर्टवाले

येसाजीराव, तुम्हाला कलम १० ची मर्यादाच लागेल, सूट नाही. ज्याने जास्त जोखमीचा दर दिला नाही त्याच्यासाठीच ती दहापट आहे. शिवाय पावतीवर सही केली की मागची अट बांधून घेते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या प्रकरणात सांगितलंय. तिथे जर्मनीला जाणारं कागदपत्रांचं पाकीट पोचलं नाही, माल पाठवणाऱ्याचं नुकसान लाखांत होतं, पण पावतीवर १०० डॉलरची मर्यादा छापलेली आणि खाली सही. १०० डॉलरच मिळाले. २०१९ च्या ग्राहक कायद्यात 'अन्यायकारक करार' हे नवं प्रकरण आलंय, तिथून कुणी भांडू शकेल. पण ती लांबची लढाई. नोटीस मात्र १८० दिवसांच्या आत देऊन ठेवा.

सुनंदाताईंचं उलट आहे. तीच छापील पावती त्यांच्या बाजूने बोलते.

बाणेदार

नाना, एक शंका राहते. ताई धंदा करतात. ग्राहक आयोग म्हणेल की व्यावसायिक हेतू, तुम्ही ग्राहकच नाही.

नाना_ट्रान्सपोर्टवाले

हा मुद्दा चांगला काढलात. कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल. कायद्याचं म्हणणं आहे की स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेला माल 'व्यावसायिक' धरायचा नाही; २०१९ च्या कायद्याच्या त्या स्पष्टीकरणात सेवेचं नाव नाही, पण तोच युक्तिवाद सेवेसाठी मांडता येतो. ताई एकट्या, घरून, नोकर नाहीत, तर बसायला हवं. पण आयोगाआयोगात फरक पडतो, मी खात्री देणार नाही. म्हणून पत्रात एक वाक्य आत्ताच असू द्या की हा माझा उदरनिर्वाहाचा स्वयंरोजगार आहे. दोन वर्षांनी सुचल्यासारखं दिसायला नको. पत्ता येवल्याचा असल्याने तक्रार नाशिक जिल्हा आयोगातच करता येते. पावतीमागे कुठलंही शहर छापलेलं असू दे.

हिशेबनीस

जीएसटी नोंदणी आहे का ताई?

सुनंदा_येवला

नाही. उलाढाल तेवढी नाही.

हिशेबनीस

मग प्रश्न मिटला. इतर वाचणाऱ्यांसाठी: नोंदणी असेल तर हरवलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, सीजीएसटी कायदा कलम १७(५). त्यामुळे खरेदीवरचा कर हेही तुमचं खरं नुकसान ठरतं आणि दाव्यात धरायचं असतं. बरेच जण करासकटची रक्कम मागायला कचरतात.

सुनंदा_येवला

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं. विणकराची पावती जोडायचं ठरवलंय. लपवून नंतर निघाली तर मीच खोटी ठरेन. आता बघा:

---

प्रति,
दावा विभाग व तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचे नाव), नोंदणीकृत कार्यालय
प्रत: शाखा, येवला

दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

विषय: डॉकेट क्र. ........, बुकिंग दि. ९ सप्टेंबर २०२५, हरवलेल्या पार्सलची भरपाई रु. ३८,८०६.८०. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७, कलम १६ नुसार नोटीस.

महोदय,

मी वरील पार्सल आपल्या येवला शाखेत दि. ९ सप्टेंबर २०२५ रोजी बंगळुरू येथे पोचवण्यासाठी दिले. त्यात एक हातमागाची रेशमी पैठणी होती. पार्सलचे वजन १.१५० किलो व जाहीर किंमत रु. ३८,५०० होती. आपण माल 'कॅरियर रिस्क'वर स्वीकारला व त्यासाठी मूळ भाडे रु. २६० याव्यतिरिक्त रु. ३८५ एफओव्ही आकारले (जोडपत्र १).

पैठणी मी विणकराकडून रु. ३१,००० ला खरेदी केली (जोडपत्र २) व ग्राहकास रु. ३८,५०० ला विकली (जोडपत्र ३). पाठवण्यापूर्वीचे छायाचित्र व सिल्क मार्क लेबलचा फोटो सोबत आहे (जोडपत्र ४).

आपल्या नोंदीनुसार पार्सल दि. ११ सप्टेंबर रोजी भिवंडी हब येथे पोचले. त्यानंतर कोणतीही नोंद नाही (जोडपत्र ५). दि. १४ ऑक्टोबरच्या ईमेलने आपण पार्सल सापडत नसल्याचे मान्य केले (जोडपत्र ६). पार्सल मिळाले नसल्याचे ग्राहकाने लिहून दिले असून (जोडपत्र ७) मी त्यांना रु. ३८,५०० परत केले आहेत (जोडपत्र ८).

दि. ३ नोव्हेंबरच्या ईमेलने आपण भाड्याच्या दहापट, रु. २,६०० देऊ केले (जोडपत्र ९). ते मला मान्य नाही. मी जास्त जोखमीचा दर भरला असल्याने कलम १० नुसार ती मर्यादा या पार्सलला लागू होत नाही.

म्हणून मालाची किंमत रु. ३८,५०० आणि सेवा पूर्ण न झाल्याने भाडे रु. २६० व त्यावरील जीएसटी रु. ४६.८०, एकूण रु. ३८,८०६.८० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत.

जोखीम एखाद्या विमा कंपनीकडे सोपवली असल्यास तिचे नाव, पॉलिसी क्रमांक व सर्टिफिकेट ऑफ फॅक्ट्स याच मुदतीत द्यावे. भिवंडी हबमधील या पार्सलची वजन-मापाची नोंद, फोटो, बॅग व मॅनिफेस्टच्या नोंदी जतन करून त्यांच्या प्रती द्याव्यात.

पैठणीविक्री हा माझा उदरनिर्वाहाचा स्वयंरोजगार आहे. मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
(सही)

जोडपत्रे (सर्व स्वसाक्षांकित छायाप्रती, मूळ कागद माझ्याकडे):
१. बुकिंग पावती, दोन्ही बाजू
२. विणकराची पावती व बँक खात्यातील नोंद
३. ग्राहकास दिलेले बिल व रक्कम मिळाल्याची नोंद
४. पैठणीचे व सिल्क मार्क लेबलचे फोटो
५. ट्रॅकिंगची प्रत
६. कंपनीचा दि. १४ ऑक्टोबरचा ईमेल
७. ग्राहकाचे सहीचे पत्र
८. परताव्याची बँक नोंद
९. कंपनीचा दि. ३ नोव्हेंबरचा ईमेल व त्यासोबतचा कोरा फॉर्म

---

एफओव्हीचे ३८५ परत मागितलेले नाहीत. लिहायचे राहिले की न मागणंच बरोबर?

नाना_ट्रान्सपोर्टवाले

न मागणंच बरोबर. भाडं परत मागायचं, कारण माल पोचवला नाही. जोखमीचे पैसे मागितलेत तर तुम्हीच म्हणाल्यासारखं होईल की जोखीम घेतलीच नाही. ते ३८५ त्यांच्याकडेच राहू द्या, तुमचा अडतीस हजारांचा दावा त्यावर उभा आहे.

पत्र नेमकं झालंय. मनस्ताप काढलात तेही बरं. तो आयोगापुढे मागता येतो, दावा-विभागाला मनस्ताप मंजूर करायचा अधिकारच नसतो. प्रत्येक वाक्यासमोर जोडपत्राचा नंबर आहे, म्हणजे तपासणाऱ्याला कागद शोधावे लागत नाहीत. तुमच्या पहिल्या पत्रातल्या 'सर्व पुरावे'ला काही अर्थ नव्हता. त्यातला एखादा कागद गळला तरी तो पाठवला होता हे सिद्ध कसं करणार?

दोन दुरुस्त्या. जोडपत्र ४ मधल्या फोटोची तारीख लिहा. आणि जोडपत्र १ मध्ये मागची बाजू नीट वाचता येईल अशी मोठी झेरॉक्स काढा, तिथे एफओव्हीबद्दल त्यांची स्वतःची अट छापलेली असते. ती वाचलीत का?

सुनंदा_येवला

मुलाकडून वाचून घेतली. लिहिलंय की कॅरियर रिस्कवर एफओव्ही भरलेल्या मालाची जबाबदारी जाहीर किंमत किंवा बिलाची किंमत, यातल्या कमी रकमेपर्यंत.

नाना_ट्रान्सपोर्टवाले

मग हिशेबनीस, झालं ना तुमचं समाधान? बिलाची किंमत!

हिशेबनीस

कुठल्या बिलाची? विणकराच्या की ताईंच्या? ते लिहिलेलं नाही, आणि तो विणकराचा कागद जोडपत्र २ म्हणून त्यांच्याच समोर जातोय. मी माझ्या मतावर आहे.

भिवंडीकर

मधेच एक. खोक्यात ग्राहकासाठी बिलाची प्रत ठेवली होती का? ठेवली असेल तर पत्रात ओळ वाढवा. बेवारस ढिगातली खोकी उघडतात तेव्हा आत कागद असेल तर जुळवाजुळव होते. नसेल तर नाही.

सुनंदा_येवला

ठेवली होती. ओळ वाढवते. पाठवू कसं? रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह?

बाणेदार

रजिस्टर पोस्ट २०२५ मध्येच स्पीड पोस्टात विलीन झालं. आता स्पीड पोस्ट करायचं आणि नोंदणीची जादा सेवा मागून घ्यायची. पोचवल्याचा पुरावाही मागा. तीच पीडीएफ त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर टाका आणि एक प्रत येवल्याच्या शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. शाखा फ्रँचायझीची असली तरी पत्र मात्र कंपनीच्याच नावे हवं.

नाना_ट्रान्सपोर्टवाले

बाणेदारांशी पूर्ण सहमत. तारीख लिहून ठेवा!

सुनंदा_येवला

अपडेट. पत्र तिन्ही मार्गांनी गेलं, पोचल्याचं ऑनलाइन दिसतंय, प्रिंट काढून ठेवली. शाखेतला मुलगा शिक्का द्यायला तयार नव्हता, मग सही आणि तारीख घेतली.

आज ईमेल आला. दहापटीबद्दल चकार शब्द नाही. म्हणतात, दावा 'प्रक्रियेत' आहे, मूळ बुकिंग पावती आणि ग्राहकाचं मूळ पत्र दावा-विभागाला पाठवा, आणि रद्द केलेला चेक. मूळ पावती दिली तर माझ्याकडे काय राहील?

भिवंडीकर

दहापट सोडली म्हणजे वाचलं कुणीतरी.

नाना_ट्रान्सपोर्टवाले

रद्द केलेला चेक द्या. मूळ पावती कुरिअरने तर अजिबात पाठवू नका (हसू नका, मी असं झालेलं पाहिलंय). उत्तर द्या की मूळ कागद येवला शाखेत कधीही दाखवायला तयार आहे, आपल्या माणसाने छायाप्रतीशी ताडून त्यावर 'मूळ पाहिले' असं लिहून सही करावी. पैसे खात्यात जमा झाले की मूळ पावती सोपवते. ग्राहकाचं पत्र त्या ताई दुसरं लिहून देत असतील तर एक मूळ प्रत द्यायला हरकत नाही.

आणि पैसे द्यायच्या आधी ते पुन्हा एक फॉर्म पाठवतील. त्यात 'पूर्ण व अंतिम' शब्द असतीलच. रक्कम ३८,८०६.८० असेल तर सही करा. ३१,००० असेल तर आधी इथे येऊन सांगा, हिशेबनीसांशी माझं भांडण अजून बाकी आहे.

हिशेबनीस

३१ आले तर मी म्हणेन घ्या आणि मोकळ्या व्हा. साडेसात हजारांसाठी नाशिकच्या फेऱ्या कोण मारणार?

सुनंदा_येवला

ते आकडा आल्यावर बघू. साडेसात हजार म्हणजे माझ्या दोन-तीन पैठण्यांची कमाई आहे, दादा.